लाजाळू मुलाची वक्तृत्व स्पर्धा: तीन आठवड्यांच्या सरावाबद्दल पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

हे पान साधारण दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. घरात अखंड बडबड करणारं, पण चार अनोळखी चेहरे दिसले की आईच्या मागे लपणारं मूल डोळ्यांपुढे ठेवून उत्तरं लिहिली आहेत. स्पर्धा शाळेतली, वेळ तीन मिनिटं आणि हातात तीन आठवडे, असं धरलं आहे. उदाहरणासाठी सगळीकडे एकच मुलगी आणि तिचा एकच विषय घेतला आहे: ‘माझा आवडता कीटक’. तिने मुंगी निवडली.

सराव किती दिवस आधी सुरू करायचा आणि रोज किती वेळ?

तीन आठवडे, रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. रविवारी एकदम दोन तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं जास्त कामाची. मधल्या झोपेत आणि विसरण्यात पाठांतर मुरतं, शिवाय मुलाला भाषणाचा कंटाळा येत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त विषयावर गप्पा आणि भाषण तयार करणं. उभं राहून बोलायचं नाही, पाठ करायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात भाषण डोक्यात बसवायचं आणि एकेक श्रोता वाढवायला सुरुवात करायची. तिसऱ्या आठवड्यात स्पर्धेसारखी परिस्थिती: उभं राहणं, नाव पुकारणं, चालत जाणं, घंटा.

बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. भाषणात स्पर्धेच्या दोन दिवस आधीपर्यंत शब्द बदलत राहतात आणि लोकांसमोर बोलण्याचा पहिला प्रसंग थेट मंचावरच येतो. धीट मूल हे निभावून नेतं. लाजाळू मुलाची खरी अडचण श्रोत्यांची असते, म्हणून जास्त दिवस श्रोत्यांसाठी राखून ठेवायचे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी भाषण पक्कं करून टाका. त्यानंतर कितीही सुंदर वाक्य सुचलं तरी घालू नका.

भाषण आम्ही लिहून दिलं तर चालेल का? तिला लिहायला जमत नाही.

लिहायला जमत नसेल, सांगायला जमतं. ती सांगेल, तुम्ही लिहून घ्या. मात्र तुमच्या भाषेत सुधारून नको, तिच्याच भाषेत.

मोठ्यांनी लिहिलेलं भाषण कसं असतं ते पाहा: ‘मुंगी हा अत्यंत उद्यमशील कीटक असून तिच्या अंगी असलेल्या शिस्त, सातत्य व संघभावना या गुणांचे आपण सर्वांनी अनुकरण केले पाहिजे.’ यात चुकीचं काही नाही. पण दहा वर्षांची मुलगी रोजच्या बोलण्यात ‘उद्यमशील’ म्हणत नाही. हा शब्द निसटला तर त्याच्या जागी टाकायला तिच्याकडे दुसरा शब्द नसतो, आणि वाक्य इतकं लांब की मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. मंचावर मुलं अडकतात ती बहुधा अशाच ठिकाणी.

आता तीच मुलगी गप्पांमध्ये काय म्हणाली ते पाहा. तिला विचारलं होतं, ‘मुंग्यांचं तू काय पाहिलंस?’ ती म्हणाली, ‘भिंतीवर रांग चालली होती. मी मध्ये ओलं बोट फिरवलं. मग त्या तिथे येऊन थांबल्या. इकडेतिकडे फिरायला लागल्या. त्यांना रस्ताच सापडेना.’ ही तिची भाषणाची सुरुवात झाली. वाक्यं छोटी, पाहिलेलं स्वतःचं, आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी गाडी अडत नाही, कारण गोष्ट तिला माहीत आहे. परीक्षकांनाही त्या दिवशी ‘अनुकरण केले पाहिजे’ बऱ्याच वेळा ऐकून झालेलं असतं. ओल्या बोटाला त्यांचे कान टवकारतात.

मग पुस्तकातून थोडी भर घाला. मुंग्या चालताना वाटेवर वासाची खूण सोडत जातात, मागच्या मुंग्या मिशांनी ती हुंगत येतात, आणि बोटाने पुसली गेली ती खूण. कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते. अशा तीन गोष्टी पुरेत. दहा गोष्टी कोंबल्या की भाषणाची यादी होते, आणि यादी लक्षात ठेवायला सर्वांत अवघड.

सुरुवातीच्या संबोधनाबद्दल एक गोष्ट. ‘आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग, सन्माननीय परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो’ ही ओळ भीती सर्वांत जास्त असते त्याच क्षणी येते, आणि भाषणातले सर्वांत अवघड शब्द तिच्यातच असतात. स्पर्धेच्या नियमात ठरावीक मजकूर दिलेला नसेल तर ‘परीक्षक, शिक्षक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार’ एवढं बास.

तीन मिनिटांसाठी किती शब्द हवेत?

हे मुलाच्या वेगावर ठरवा. भाषण मोठ्याने, न घाई करता वाचायला सांगा, एक मिनिटाला थांबवा आणि शब्द मोजा. या वयाची मुलं साधारण शंभरच्या आसपास शब्द बोलतात. मिनिटाला शंभर शब्द होत असतील तर तीन मिनिटांच्या स्पर्धेसाठी अडीचशेच शब्द लिहा, तीनशे नको. उरलेला अर्धा मिनिट संबोधन, थांबे आणि एखादी अडखळ यांच्यासाठी.

मंचावर मूल घाईत बोलतं, म्हणून भाषण वेळेआधी संपेल अशी भीती वाटून काही पालक शब्द वाढवतात. वाढवू नका. अडीच मिनिटांत नीट संपलेलं भाषण चालतं. घंटा वाजल्यावर गोंधळून अर्धवट सोडलेलं भाषण लाजाळू मुलाच्या मनात फार दिवस राहतं. फक्त स्पर्धेत किमान वेळेची अट आहे का, आणि सूचनेची घंटा कितव्या मिनिटाला वाजते, हे शिक्षकांना आधी विचारून घ्या.

घरी धडाधड म्हणते, पण मध्ये एक शब्द विसरला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. असं का?

कारण तिने भाषण साखळीसारखं पाठ केलं आहे. प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाला अडकवलेला. मधली एक कडी निखळली की पुढचं सगळं हातातून जातं, आणि परत जायला एकच दार उरतं, ते म्हणजे पहिलं वाक्य. रोज पहिल्यापासून म्हणायची सवय असली की सुरुवात शंभर वेळा म्हटली जाते आणि शेवट दहा वेळा. त्यामुळे शेवट नेहमी कच्चा राहतो.

उपाय असा: भाषणाचे पाच तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला एक चित्र द्या. आपल्या मुलीचे पाच तुकडे हे होते. ओलं बोट. मुंगीच्या मिशा. पाठीपेक्षा मोठा पंख ओढत नेणारी मुंगी. राणी आणि तिच्या मुली. पुन्हा जुळलेली रांग. तिने स्वतः पाच कागदांवर ही चित्रं काढली, वेडीवाकडी का होईना. कागदावर शब्द एकही लिहायचा नाही.

पहिले दोन दिवस चित्र बघून त्या तुकड्याबद्दल बोलायचं. शब्द तंतोतंत यायला हवेत असा आग्रह नको. मग कागद पालथे घालायचे. आता शेवटचा तुकडा आधी पक्का करायचा, मग चौथ्यापासून शेवटपर्यंत, मग तिसऱ्यापासून शेवटपर्यंत. अशा उलट्या क्रमाने गेलं की बोलताना प्रत्येक पाऊल जास्त ओळखीच्या जागेकडे पडतं. सुरुवात संपली आणि पुढचं अंधुक, असं होत नाही.

त्यानंतर फाशाचा खेळ. फासा टाकायचा, तीन पडले की तिसऱ्या तुकड्यापासून सुरू. सहा पडले की आवडीचा तुकडा. कुठूनही सुरू करता येतं हे एकदा तिच्या अंगवळणी पडलं की विसरण्याची अर्धी भीती जाते. हा खेळ दुसऱ्या आठवड्यात रोज पाच मिनिटं घ्या.

शब्द न् शब्द पाठ हवा तो फक्त दोन ठिकाणी: पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य. पहिली दोन झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत, कारण तेव्हा डोकं चालत नसतं, फक्त तोंड चालतं. शेवटचं वाक्य पक्कं हवं, कारण मध्ये काहीही झालं तरी तिथे उडी मारून भाषण नीट संपवता येतं. आपल्या मुलीचं शेवटचं वाक्य होतं: ‘आता मी मुंग्यांची रांग दिसली की ओलांडून जाते, पुसत नाही.’

एकटी असताना सुंदर बोलते. मी समोर बसले तरी गप्प होते. मग पन्नास मुलांसमोर कसं होणार?

हाच मुख्य प्रश्न आहे. भाषण आणखी घोटून तो सुटत नाही, कारण भाषण तिला येतंच आहे. सवय करायची आहे ती माणसांची, आणि ती पायरीपायरीने होते.

आधी भीती मोजायला शिकवा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे पळून जावंसं वाटतं. मग प्रत्येक प्रसंगाला किती आकडा, ते तिलाच विचारून पायऱ्या लावा. आपल्या मुलीची यादी अशी झाली. खोलीत दार लावून एकटीने बोलणं, एक. आई त्याच खोलीत पाठ करून कपड्यांच्या घड्या घालते आहे, तीन. आई समोर बसून ऐकते आहे, पाच. आई, बाबा आणि आजी, सहा. शेजारच्या काकू, सात. वर्गातल्या दोन मैत्रिणी, सात. शाळेच्या रिकाम्या सभागृहात मंचावर एकटी, सहा. स्वतःचा वर्ग, नऊ. तुमच्या घरातली यादी वेगळी निघेल. एखाद्या मुलाला आजीसमोर शून्य असतं आणि बाबांसमोर आठ. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता नियम. एका पायरीवर त्याच दिवशी दोन-तीनदा बोलायचं आणि प्रत्येक वेळेनंतर आकडा विचारायचा. आकडा तीनवर किंवा त्याखाली आला की दुसऱ्या दिवशी पुढची पायरी. आला नाही तर तीच पायरी पुन्हा. पहिल्यांदा आई समोर बसली तेव्हा तिने पाच सांगितला होता, प्रत्यक्षात निघाला सात. पहिलं वाक्य म्हणून ती थांबली. त्याच दिवशी दुसऱ्यांदा पहिला तुकडा पूर्ण झाला, आकडा पाच. तिसऱ्यांदा दोन तुकडे, आकडा चार. दुसऱ्या दिवशी सुरुवातच चारने झाली आणि दुसऱ्या खेपेला दोनवर आली. असा उतार दिसणं हीच प्रगतीची खूण. भाषण किती छान झालं ते तेव्हा पाहायचंच नाही.

पायरी फारच उंच निघाली तर मध्ये अर्धी पायरी घाला. समोर बसण्याऐवजी आई शेजारी बसेल. पूर्ण भाषणाऐवजी एक तुकडा. डोळ्यांत न बघता खिडकीकडे बघून. पण रडली म्हणून ‘जाऊ दे, आज नको’ असं म्हणून सोडून देऊ नका. पळाल्याने लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातूनच मन शिकतं की पळणं हाच उपाय. म्हणून दिवसाचा शेवट तिला जमेल अशा छोट्या तुकड्यावर करा, मग ते एक वाक्य का असेना.

उलट चूकही होते. ‘एकदाच पाहुण्यांसमोर उभी करू, भीती मोडेल’ म्हणून पाच पायऱ्या एकदम चढवतात. जमलं तर नशीब. नाही जमलं तर पुढचा आठवडा झालेलं निस्तरण्यात जातो. लाजाळू मुलाला न सांगता, अचानक ‘काकांना म्हणून दाखव’ म्हणणं यातलंच. पुढची पायरी कोणती आणि कधी, हे तिला आदल्या दिवशी माहीत हवं.

श्रोत्यांनाही शिकवावं लागतं. ऐकणाऱ्याने मध्ये शब्द सुचवायचा नाही, ओठ हलवायचे नाहीत, ‘अगं गोड!’ म्हणून हसायचं नाही. शांत बसायचं, शेवटी टाळ्या वाजवायच्या आणि उठून जायचं.

आरशासमोर सराव करून घेऊ का? व्हिडिओ काढला तर?

आरसा नको. हा सल्ला सर्रास दिला जातो, पण लाजाळू मूल आधीच ‘मी कशी दिसते’ याच विचारात अडकलेलं असतं. आरसा तिचं लक्ष पुन्हा तिथेच ओढतो. मंचावर समोर आरसा नसतो, माणसं असतात.

व्हिडिओही पहिले दोन आठवडे नको. हवं तर फक्त आवाज रेकॉर्ड करा आणि ऐकून तिला एकच विचारा: ‘कुठला शब्द ऐकू आला नाही?’ तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःहून मागितला तरच व्हिडिओ. आणि तो कुटुंबाच्या गटात टाकायचा नाही, निदान तिला विचारल्याशिवाय तरी नाही.

आवाज फारच बारीक आहे. ‘मोठ्याने बोल’ म्हटलं की ओरडते.

‘मोठ्याने’ म्हटलं की मूल घसा आवळतं. त्याऐवजी आवाज लांब पोचवायला सांगा. तुम्ही दोन पावलांवर उभे राहा, तिने एक वाक्य म्हणायचं. ऐकू आलं तर तुम्ही एक पाऊल मागे. खोलीच्या टोकापर्यंत जा, मग दाराबाहेर. ऐकू आलं नाही तर काही न बोलता हात कानाशी न्या. हा खेळ बसून, पाठांतराशिवाय, कुठल्याही वाक्यावर खेळता येतो. पहिल्या आठवड्यातच सुरू केला तरी चालेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती फारसं कोणी सांगत नाही. लाजाळू मुलं वाक्याचा शेवट गिळतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटीच. ‘मुंगी कधीच रस्ता विसरत नाही’ यातला ‘नाही’ गिळला तर अर्थ उलटा होतो. श्वास संपतो म्हणून हे होतं. बोलताना मूल वाक्याच्या सुरुवातीलाच सगळा श्वास खर्चतं. म्हणून भाषणाच्या कागदावर प्रत्येक पूर्णविरामाला लाल ठिपका द्या. तिथे तोंड मिटायचं, नाकाने श्वास घ्यायचा, मग पुढचं वाक्य. सरावाला ‘शेवटचा शब्द भिंतीवर आपटायचा’ असा खेळ करा: प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द समोरच्या भिंतीपर्यंत फेकायचा. सुरुवातीला हे हास्यास्पद ऐकू येतं, पण दोन-तीन दिवसांत मऊ होतं आणि शेवट मात्र ऐकू येत राहतो.

घाईवरही हाच ठिपका औषध आहे. ‘हळू बोल’ सांगितलं की मूल शब्द ताणायला लागतं. ‘ठिपक्यावर थांब’ सांगितलं की आपोआप वेग उतरतो.

हातवारे कोणते शिकवायचे?

बसवलेले हातवारे शिकवू नका. ‘आकाश’ म्हटलं की हात वर, ‘मी’ म्हटलं की छातीवर, हे परीक्षक लांबून ओळखतात. शिवाय लाजाळू मुलाच्या डोक्यात आणखी एक पाठांतर वाढतं. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, हात मोकळे. आपल्या मुलीने एकच कृती ठेवली: ओलं बोट भिंतीवर फिरवल्याची. ती गप्पा मारतानाही तिच्याकडून आपोआप झाली होती.

आणि कुठे बघायचं?

सभागृहात तीन जागा ठरवा: डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मागच्या रांगेजवळ. एका तुकड्याला एक जागा. थेट डोळ्यांत बघवत नसेल तर कपाळाकडे बघायचं, समोरून फरक कळत नाही. एखादी मैत्रीण त्यातल्या एका जागी बसवता आली तर उत्तमच.

मंचावर विसरली तर? हीच तिची सर्वांत मोठी भीती आहे.

‘नाही विसरणार’ असं आश्वासन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. विसरल्यावर काय करायचं ते शिकवा आणि त्याचाच सराव घ्या.

क्रम असा. तोंड मिटायचं. हळू श्वास सोडायचा. शेवटचं म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हणायचं, कारण बरेचदा त्याच्या धक्क्यानेच पुढचं येतं. नाही आलं तर पुढच्या चित्रावर उडी. तेही नाही सुचलं तर शेवटचं पक्कं वाक्य म्हणून ‘धन्यवाद’. मध्ये ‘सॉरी’ म्हणायचं नाही, शिक्षकांकडे बघायचं नाही, जीभ चावायची नाही. एक तुकडा गळला तरी श्रोत्यांना कळत नाही, त्यांच्या हातात तिचा कागद नसतो. परीक्षकांच्या लक्षात राहतं ते मुलाचं घाबरून थांबणं.

तिसऱ्या आठवड्यात रोज एकदा मुद्दाम अडथळा आणा. ती बोलत असताना कोणी खोकेल, दार वाजेल, भांडं पडेल, किंवा तुम्ही मध्येच ‘थांब’ म्हणाल आणि पाच सेकंदांनी ‘चालू’. आधी सांगून ठेवा की असं होणार आहे. ती न डगमगता पुढे गेली की बास. आपल्या मुलीला हा खेळ इतका आवडला की ती आजीला म्हणाली, ‘आजी, तू शिंक ना.’

पाच सेकंदांची शांतता मुलाला पाच मिनिटांची वाटते. एकदा घड्याळ लावून दोघींनी गप्प बसून पाहा, मग तिला स्वतःलाच कळेल की ती किती छोटी असते.

माइक असेल तर वेगळा सराव हवा का?

एकदा तरी हवा. स्वतःचा आवाज मोठा होऊन सभागृहातून परत येतो, तेव्हा मुलं दचकतात आणि थांबतात. शाळेत आदल्या दिवशी एकदा माइकवर पहिली दोन वाक्यं म्हणू देण्याची विनंती करा. माइक हनुवटीच्या उंचीला, तोंडापासून साधारण एक वीत लांब. फार जवळ घेतला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फटफट आवाज येतो. माइक उंच असेल तर टाचा वर करून बोलायचं नाही, शिक्षकांना ‘खाली करा ना’ म्हणायचं. हे वाक्यसुद्धा घरी म्हणून घ्या. लाजाळू मुलाला भाषणापेक्षा ही विनंतीच जड जाते.

शिक्षकांना आधी काही सांगावं का?

सांगावं, पण मुलासमोर ‘ही फार लाजाळू आहे’ असं नव्हे. ते वाक्य मूल दरवेळी ऐकतं आणि खरं मानत जातं. वेगळं भेटून दोन गोष्टी मागा. एक, क्रमांक पहिल्या पाचांत मिळाला तर बरं. तासभर वाट बघताना भीती वाढत जाते आणि इतरांची भाषणं ऐकून ‘तो माझ्यापेक्षा चांगला बोलला’ हे सुरू होतं. दोन, वर्गात एकदा बोलू द्या, स्पर्धेच्या आधी दोन-तीन दिवस. ही तिची सर्वांत वरची पायरी आहे आणि ती शाळेशिवाय कोणी देऊ शकत नाही.

स्पर्धेच्या दिवशी काय करायचं? पोटात दुखतं म्हणाली तर?

आदल्या रात्री एकदा पाच चित्रं डोळ्यांपुढून जाऊ द्या, मग विषय बंद. सकाळी पूर्ण भाषण म्हणून घेऊ नका. त्यात एक चूक झाली की ती चूकच शाळेपर्यंत सोबत जाते. फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं.

पोटात दुखणं बहुधा खरंच असतं, भीतीने तसं होतं. ‘नाटक करू नकोस’ म्हणू नका आणि ‘घाबरू नकोस’ही नको, कारण घाबरणं थांबवणं तिच्या हातात नाही. म्हणायचं असेल तर असं म्हणा: ‘छाती धडधडते ना? शरीर तयारी करतंय. पहिली दोन वाक्यं होईपर्यंत धडधडेल, मग उतरेल.’ पायऱ्या चढताना तिने हे अनुभवलेलं असतं, म्हणून ते तिला पटतं. नाव पुकारण्याआधी श्वास हळू सोडायचा, तीन वेळा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ.

आयत्या वेळी ‘मी नाही बोलणार’ म्हणाली तर सौदा छोटा करा: मंचावर जाऊन नमस्कार आणि पहिला तुकडा, मग ‘धन्यवाद’. शिक्षकांना ते चालणार आहे का, हे आधीच विचारून ठेवलेलं असावं. तेही नाही जमलं तर घरी आणा, न रागावता. दुसऱ्या दिवशी यादी काढा आणि जिथे जमत होतं त्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

हा फक्त लाजाळूपणा आहे की आणखी काही, हे कसं ओळखायचं?

पायऱ्या चढताना आकडा हळूहळू उतरत असेल तर लाजाळूपणा. दोन खुणा मात्र वेगळ्या. घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त काळ कोणाशीच बोलत नसेल, शिक्षकांनी नाव विचारलं तरी नाही, तर स्पर्धा बाजूला ठेवा आणि बालमानसतज्ज्ञांना भेटा. आणि शब्दाचा पहिला आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा शब्द घशात अडकून चेहरा ताणला जात असेल, तर ते तोतरेपण असू शकतं. तिथे ‘हळू बोल’, ‘पुन्हा म्हण’ याने त्रास वाढतो. वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. तोतरेपण असलेलं मूलही स्पर्धेत बोलू शकतं, फक्त शाळेने त्याला वेळेची घंटा लावू नये.

स्पर्धा झाली. बक्षीस नाही मिळालं. आता?

निकालाआधीच बोला, निकालानंतर नको. आणि ‘छान झालं’ इतकं मोघम नको. तिने प्रत्यक्ष केलेली एक गोष्ट सांगा: ‘तिसऱ्या तुकड्यात अडकलीस, तोंड मिटलंस, मागचं वाक्य पुन्हा म्हटलंस आणि पुढे गेलीस.’ चुकांची चर्चा त्या दिवशी करायची नाही. तिने स्वतः काढली तर ऐकून घ्या.

मग दोन आठवड्यांच्या आत लोकांसमोर बोलण्याची एखादी छोटी संधी शोधा: वर्गात सुविचार सांगणं, प्रार्थनेनंतर बातमी वाचणं, घरच्या समारंभात चार ओळी. चढलेल्या पायऱ्या वापरल्या नाहीत तर पुढच्या वर्षी त्या पुन्हा खालपासून चढाव्या लागतात. फक्त ती संधी कोणती, हे या वेळी तिला निवडू द्या.